‘मला काही झालं नाही’ या वाक्यापुढे

आगीतून सुटून आलेला माणूस कॅज्युअल्टीच्या बाकावर बसतो, पाणी पितो, डोळे पुसतो आणि म्हणतो, ‘डॉक्टर, मला काही झालं नाही. थोडा धूर गेला नाकातोंडात, एवढंच.’ हे वाक्य ऐकलं की मला हायसं वाटतं. या हायसं वाटण्याचा जाब मला स्वतःला विचारायचा आहे, कारण ते नक्की कोणासाठी असतं, याचं उत्तर मी फार वर्षं टाळत आले आहे.

त्या माणसासाठी असतं, असं म्हणायला बरं वाटतं. पण खरं सांगायचं तर त्यात माझा वाटा मोठा असतो. एक खाट मोकळी राहते, नातेवाइकांशी एक वाद टळतो, वरिष्ठांना रात्री उठवावं लागत नाही. रुग्ण स्वतःच ‘मी बरा आहे’ म्हणतो आहे, तेव्हा त्याला ठेवून घेणारी मी कोण, असा साळसूद युक्तिवादही हाताशी असतो. धुराच्या बाबतीत हा युक्तिवाद फसवा आहे. धूर मागे राहिला तरी त्याने केलेली इजा पुढचे कित्येक तास पूर्ण व्हायची असते. रुग्ण बोलतो ते त्या क्षणापुरतं खरं असतं. पुढच्या बारा तासांबद्दल त्याला काहीच माहीत नसतं. मला मात्र माहीत असतं.

तव्याचा चटका बोटाला बसला की फोड त्याच क्षणी येत नाही, काही वेळाने टरारून वर येतो. घशाचंही तसंच. गरम आणि विषारी धूर आत ओढला जातो तेव्हा त्याची धग मुख्यतः स्वरयंत्राच्या वरच्या भागातच जिरते. तिथलं नाजूक अस्तर भाजतं, धुरातल्या आम्लांनी चरचरतं, आणि मग हळूहळू त्यात पाणी साठून ते सुजू लागतं. ही सूज काहींना पहिल्या तासाभरातच जाणवते, काहींना पाच-सहा तासांनी. साधारण बारा ते चोवीस तासांत ती सर्वांत जास्त असते. बोटाचा फोड बाहेरच्या बाजूला फुगतो, घसा मात्र आतल्या बाजूला, श्वासाच्या वाटेत फुगतो. वाटेचा व्यास निम्मा झाला, तर हवेला होणारा अडथळा दुप्पट नव्हे, जवळपास सोळापट होतो. म्हणूनच मोठ्या माणसाला खपून जाणारी एक मिलिमीटरची सूज लहान मुलाचा श्वास अडवू शकते.

या सुजेची पहिली खूण बहुतेकदा आवाजात उमटते. आवाज जड होतो, घोगरा होतो, बसतो. सतत खाकरावंसं वाटतं, ठसका लागतो, आवंढा गिळताना दुखतं. यातली एकही गोष्ट भयंकर दिसत नाही. धुरात गेलं की घसा बसणारच, असं आपण म्हणतो, आणि नेमक्या याच समजुतीपाशी वेळ निसटतो.

आमच्याकडे आलेल्या एका बाईंची हकीकत मला या संदर्भात पुन्हा पुन्हा आठवते. उपनगरातली जुनी चार मजली इमारत. तळमजल्यावर जिन्याखाली मीटर रूम. रात्री दोनच्या सुमारास तिथे शॉर्टसर्किट झालं. ज्वाळा मीटर रूमच्या बाहेरही आल्या नाहीत, पण वायरींवरचं प्लॅस्टिक जळून निघालेला काळा धूर जिन्याच्या पोकळीतून थेट वर चढला. मुंबई-ठाण्याकडच्या जुन्या इमारतींत हे नेहमीच घडतं. आग खाली असते आणि माणसं गुदमरतात ती वर, जिन्यात. या बाई पंचावन्नच्या आसपासच्या, तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या. सासूबाईंचे गुडघे दुखत होते, त्यामुळे त्यांना धरून उतरताना दुसऱ्या मजल्याच्या वळणावर दोघी थांबल्या. काही मिनिटंच, पण दाट धुरात.

खाली आल्यावर बाईंना जोराचा खोकला आला, डोळ्यांतून पाणी वाहिलं, मग थोड्या वेळाने बरं वाटलं. ॲम्ब्युलन्समधल्या माणसाने बोटाला ऑक्सिमीटर लावला. आकडा अठ्ठ्याण्णव. ‘मला काही झालं नाही, तुम्ही आधी आईंना न्या,’ असं त्या म्हणाल्या. सासूबाईंना वयामुळे रुग्णालयात नेलं. या बाई समोरच्या इमारतीतल्या नणंदेकडे गेल्या, चहा घेतला आणि चारच्या सुमारास आडव्या झाल्या. सहाला खोकल्याने जाग आली. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या केल्या, हळद घालून दूध प्यायल्या. आठला मुलीचा फोन आला. तिने दोन वाक्यं ऐकली आणि विचारलं, ‘आई, तुझा आवाज असा का येतोय?’ बाई म्हणाल्या, ‘धुराने बसलाय गं.’ मुलीने ऐकलं नाही. तिने आत्याला फोन द्यायला लावला आणि तिच्याकडून आत्ताच्या आत्ता रुग्णालयात नेण्याचं कबूल करून घेतलं.

साडेनऊला त्या माझ्यासमोर बसल्या तेव्हा चालत आल्या होत्या. चेहऱ्यावर भाजल्याची खूण नव्हती. पण टॉर्च लावून पाहिलं तर नाकपुड्यांच्या आत काजळी होती, आणि रुमालात टाकलेल्या बेडक्यात काळे धागे दिसत होते. आवाज घोगरा. सोबत आणलेल्या थर्मासमधला चहा त्यांनी तोंडाला लावला आणि गिळता न आल्याने तसाच खाली ठेवला. शांत बसल्या असताना श्वास आत घेताना बारीकसा, शिट्टीसारखा आवाज येत होता. कॅज्युअल्टीच्या गोंगाटात तो ऐकण्यासाठी मला जवळ वाकावं लागलं. हा आवाज ऐकू येतो तेव्हा वाट बरीच अरुंद झालेली असते.

पुढचं सगळं घाईने झालं. पिशवी असलेल्या मास्कने भरपूर ऑक्सिजन सुरू केला, भूलतज्ज्ञ आणि कान-नाक-घसा तज्ज्ञ दोघांना बोलावलं. नाकातून दुर्बीण घालून पाहिल्यावर स्वरयंत्राभोवतीचं अस्तर लाल, फुगलेलं आणि काजळीने माखलेलं दिसलं. ऑपरेशन थिएटरमध्ये, गरज पडलीच तर गळ्यातून वाट करायची तयारी ठेवून, त्यांच्या श्वासनलिकेत नळी घातली. तिसऱ्या दिवशी सूज ओसरली. नळीच्या कडेने हवा पुन्हा वाहू लागल्याची खात्री करून नळी काढली. त्या बऱ्या होऊन घरी गेल्या. खोकला मात्र त्यानंतरही काही आठवडे राहिला.

हकीकत इथे सुखरूप संपते, पण माझा प्रश्न तिथूनच सुरू होतो. त्या रात्री अडीच वाजता बाई माझ्याकडे आल्या असत्या, तर मी काय केलं असतं? आवाज स्वच्छ, आकडा अठ्ठ्याण्णव, छातीत घरघर नाही, शेजारच्या खाटेवर त्यांच्याहून आजारी दिसणाऱ्या सासूबाई. ‘काही वाटलं तर या’ असं म्हणून मी त्यांना जाऊ दिलं असतं का? मनाला खोटं उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं, तर हा मोह मला नक्की झाला असता, एवढं तरी कबूल करावं लागतं. हा मोह कशाकशाचा बनलेला असतो, ते मी एकेक करून पाहते आहे.

त्यातला पहिला आधार बोटावरच्या आकड्याचा. कोविडच्या काळापासून घरोघरी ऑक्सिमीटर आला आणि त्याचा आकडा म्हणजे शेवटचा शब्द, असा विश्वास रुग्णांत बसला. आम्हा डॉक्टरांतही तो थोडाफार झिरपला आहे. धुराच्या रुग्णात हा आकडा दोनदा फसवतो. घसा सुजत असताना, वाट पुरेशी बंद होईपर्यंत तो उत्तमच असतो. आणि धुरात कार्बन मोनॉक्साइड असेल, तर हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. ऑक्सिमीटर फक्त रक्ताचा रंग वाचतो, आणि त्याला हे विषारी रक्तही ऑक्सिजनने भरलेल्या रक्तासारखंच दिसतं. पडद्यावर अठ्ठ्याण्णव असताना मेंदू आणि हृदय उपाशी असू शकतात. डोकेदुखी, मळमळ, चक्कर, गोंधळल्यासारखं बोलणं ही त्याची लक्षणं. मापण्यासाठी रक्त काढून वेगळ्या यंत्रावर या वायूचं प्रमाण पाहावं लागतं.

तिथेही वेळेचं भान ठेवावं लागतं. साध्या हवेत श्वास घेणाऱ्या माणसाच्या रक्तातून हा वायू साधारण चार-पाच तासांत निम्मा होतो. समजा, रात्री दोन वाजता एखाद्याच्या रक्तात तो वीस टक्के होता. सकाळी साडेनऊला रक्त तपासलं तर सहा-सात टक्केच सापडेल, आणि तो आकडा पाहून ‘धूर फारसा गेला नव्हता’ असं कोणीही म्हणेल. उशिरा काढलेल्या आकड्याने रात्री काय घडलं त्याचा हिशोब लागत नाही. मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला की हाच वायू तासा-दीड तासात निम्म्यावर येतो. म्हणून ज्याच्याबद्दल शंका आहे त्याला रिपोर्टची वाट न पाहता ऑक्सिजन लावायचा. जिथे हे यंत्रच नाही अशा ग्रामीण रुग्णालयातही एवढं करता येतं.

मोहाचा दुसरा भाग म्हणजे भाजल्याची खूण शोधणारी माझी नजर. कातडी शाबूत दिसली की मन सैल पडतं. 28 नोव्हेंबर 1942 रोजी बॉस्टनमधल्या कोकोनट ग्रोव्ह या नाइटक्लबला आग लागली आणि 492 माणसं गेली. तिथल्या रुग्णालयांतल्या डॉक्टरांना तेव्हा ठळकपणे दिसलं की अंगावर फारसं न भाजलेले लोकही पुढच्या तासांत श्वासाने घायकुतीला येतात. मुंबईत कमला मिलच्या आवारात 29 डिसेंबर 2017 रोजी मध्यरात्रीनंतर लागलेल्या आगीत 14 जण गेले, त्यांतले बहुतेक गुदमरून. हे सगळं मला पाठ आहे. तरीही रात्री माझी नजर आधी हातापायांवरचे फोड मोजते, हे मी स्वतःत पाहिलं आहे.

आणि तिसरी गोष्ट सर्वांत अवघड, कारण तिच्यात थोडं पुण्यही आहे. समोरचा माणूस वॉचमन असतो, रिक्षा चालवणारा असतो. एक रात्र ठेवलं तर त्याची दुसऱ्या दिवसाची कमाई जाते, खासगी रुग्णालय असेल तर बिलाचा धसका असतो. धुराचा वास आलेल्या प्रत्येकाला मी भीतीपोटी दाखल करून घेतलं, तर तीही सचोटी नव्हे. मग मी माझी कातडी वाचवते आणि पैसे तो भरतो. गरज नसताना घातलेली श्वासाची नळीसुद्धा निरुपद्रवी नसते. म्हणून सरसकट ‘जा’ आणि सरसकट ‘राहा’ ही दोन्ही उत्तरं मला सारखीच संशयास्पद वाटतात. दोन्हींत समोरच्या माणसाला नीट विचारण्याचे कष्ट वाचतात.

विचारायचं काय, ते फारसं गूढ नाही. धूर बंद जागेत होता की उघड्यावर? आत किती वेळ होतात? मध्येच शुद्ध हरपली होती का, पडलात का? काय जळत होतं, लाकूड की फोम, वायरी, रंग, रसायनं? फोमची गादी आणि सोफा जळताना सायनाइडचा वायूही निघतो. मग पाहायचं: तोंडावर चटका आहे का, भुवया किंवा नाकातले केस जळलेत का, जिभेवर-नाकात काजळी आहे का, थुंकी काळी आहे का. आणि सोबत आलेल्या माणसाला विचारायचं, ‘यांचा आवाज रोजच्यासारखा आहे का?’ हा शेवटचा प्रश्न मी आता कधीच गाळत नाही. मी रुग्णाला पहिल्यांदाच ऐकत असते, त्याचा नेहमीचा आवाज मला ठाऊक नसतो. नवऱ्याला, बायकोला, लेकीला तो ठाऊक असतो.

उघड्यावरच्या धुरात क्षणभर सापडलेला, तपासात सगळं स्वच्छ असलेला धडधाकट माणूस चार-सहा तास नजरेखाली ठेवून, पुन्हा तपासून घरी जाऊ शकतो. बंद खोलीत किंवा जिन्यात अडकलेला, शुद्ध हरपलेला, आवाज बदललेला, काळी थुंकी पडणारा माणूस किमान चोवीस तास रुग्णालयातच हवा, मग ऑक्सिमीटर काहीही म्हणो. लहान मुलं, गरोदर स्त्रिया, म्हातारी माणसं, दमेकरी आणि हृदयरोगी यांच्या बाबतीत माझी कसोटी आणखी कडक असते. पहिला एक्स-रे स्वच्छ आला म्हणून मी निर्धास्त होत नाही, कारण पहिल्या काही तासांत तो बहुधा स्वच्छच असतो.

एक रात्र सुखरूप गेली म्हणजे सगळं संपलं, असंही नाही. धुरातले काही वायू, उदाहरणार्थ अमोनिया, घशातल्या ओलाव्यात चटकन विरघळतात आणि तिथेच झोंबतात. माणूस खोकत बाहेर पळतो. नायट्रोजन डायऑक्साइडसारखे काही वायू फारसे विरघळत नाहीत. ते घशाला विशेष त्रास न देता खोल फुप्फुसापर्यंत उतरतात, आणि धाप लागते ती बारा-चोवीस तासांनी, फुप्फुसात पाणी झिरपू लागल्यावर. पुढच्या दोन-तीन दिवसांत श्वासनलिकांचं जळलेलं अस्तर सुटून आतल्या आत अडकतं, खोकला वाढतो, छातीत घरघर होते. तीन-चार दिवसांनी ताप आणि पिवळी थुंकी दिसली तर न्यूमोनिया धरला असण्याची शक्यता असते. क्वचित कार्बन मोनॉक्साइडचा परिणाम काही आठवड्यांनी विसरभोळेपणातून किंवा बदललेल्या वागण्यातून समोर येतो. घरी सोडताना ‘काही वाटलं तर या’ एवढंच सांगणं म्हणजे हे सगळं रुग्णाच्या अंदाजावर ढकलून मोकळं होणं आहे.

म्हणून मी घरच्यांना नेमकं सांगते. पहिली रात्र यांना एकटं झोपू देऊ नका. अधूनमधून बोलतं करा, एक पूर्ण वाक्य म्हणायला लावा. आवाज बदलला, वाक्य पुरं करायला मध्ये श्वास घ्यावा लागला, श्वासाला शिट्टी किंवा घरघर आली, लाळ गिळता येईना, थुंकी काळी आली, डोकं ठणकून उलटी झाली, बोलणं असंबद्ध झालं किंवा न आवरणारी झोप येऊ लागली, तर सकाळची वाट पाहायची नाही. त्याच वेळी 108 ला फोन करायचा. माणसाला आडवं न करता टेकवून बसवायचं. खायला-प्यायला काही द्यायचं नाही, कारण सुजलेल्या घशात घोट अडकतो, आणि नळी घालायची वेळ आली तर भरलेलं पोट धोक्याचं ठरतं. गुळण्या, हळदीचं दूध, वाफ, खोकल्याचं औषध यांनी आतली सूज उतरत नाही, फक्त तास जातात. झोपेची गोळी तर मुळीच नको. आणि स्वतः गाडी चालवत यायचं नाही, वाटेत श्वास अडकला तर सोबत ऑक्सिजन नसतो.

एवढं सगळं सांगूनही काही जण ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ सही करून जातात. त्या सहीने कायद्यापुढे माझं रक्षण होत असेल. मनापुढे होत नाही. सही घेण्याआधी मी त्याला समजेल अशा भाषेत बारा तासांची गोष्ट सांगितली का, त्याच्या बायकोला शेजारी बसवून सांगितली का, बिलाची भीती असेल तर सरकारी रुग्णालयात पाठवायची सोय करून दिली का, या प्रश्नांची उत्तरं त्या कागदावर कुठेच नसतात. ती मलाच द्यावी लागतात.

रात्रभर ठेवलेल्या दहा जणांपैकी बहुतेकांना काहीच होत नाही, आणि सकाळी नातेवाईक म्हणतात, ‘उगाच ठेवलंत.’ हे ऐकून घ्यायची माझी तयारी आहे की नाही, यावरच माझं रात्रीचं बोलणं अवलंबून असतं. ती तयारी नसेल, तर दुसऱ्या दिवशीच्या टोमण्याला भिऊन मी आदल्या रात्रीच हायसं वाटून घेईन. म्हणून केस पेपरवर इतर नोंदींच्या आधी मी आता दोन गोष्टी लिहिते: धुरात किती वाजता, किती वेळ, आणि आवाज घरच्यांच्या मते रोजचा आहे की बदललेला, आणि हे किती वाजता विचारलं. सकाळच्या पाळीला येणाऱ्या डॉक्टरला या दोन ओळींवरून कळतं की रुग्ण त्याच्या बारा तासांत नेमका कुठे उभा आहे. आणि त्या लिहिल्याशिवाय मला कोणालाही ‘जा’ म्हणता येत नाही.